ओसरीतली दोन फुटांची खाच

कारंज्याच्या बाजारात बी-बियाण्यांच्या एका दुकानावर माडी आहे. त्या माडीत फुलचंद यांचं ऑफिस आहे, आणि ते तिथे एकोणतीस वर्षं घरांचे नकाशे काढत आले आहेत. लोक त्यांना इंजिनिअर साहेब म्हणतात. सुरुवातीला ते दर वेळी दुरुस्ती करायचे, “साहेब नाही आणि इंजिनिअरही नाही, ड्राफ्ट्समन आहे.” पुढे कंटाळून त्यांनी ते सोडून दिलं. एवढी एक चूक त्यांनी आयुष्यात तशीच राहू दिली, असं त्यांची बायको आवडाबाई हसून सांगते. बाकी चुकांच्या बाबतीत ते फार कडक होते.

हा कडकपणा त्यांच्या हातात जुन्या काळापासून होता. ट्रेसिंग पेपरवर शाईनं काम चालायचं तेव्हा चुकलेली रेष ब्लेडच्या कोपऱ्यानं खरवडावी लागे. शाई निघायची, पण कागदावर तिथे जरासं धुरकट राहायचं आणि उजेडात धरलं की दिसायचं. म्हणून फुलचंद आधी मोजायचे, पुन्हा मोजायचे आणि मगच रेष ओढायचे. कॉम्प्युटर आल्यावर खरवडणं संपलं, सवय राहिली. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावत. भिंत ओढली की तिचं माप कॉम्प्युटर स्वतः लिहितो. ते माप पुसून त्याजागी आपल्या मनानं आकडा लिहिण्याची सोयही असते, आणि घाईत असलेला माणूस तेच करतो. “आकडा बदलायचा नाही. रेष हलवायची. आकडा आपोआप येईल,” असं ते सांगत. मिस्त्री आकडा वाचून भिंत बांधतो, रेष मोजून नाही. दोघांत फरक पडला की एक तरी खोटं असतं, आणि ते कोणतं हे पुढे कुणाला सांगता येत नाही.

शिवम त्यांच्याकडे चार वर्षं होता. इंझोरीचा पोरगा. वडील जानराव आणि आई सोजरबाई विहिरीच्या पाण्यावर मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, भेंडी लावायचे आणि दिवसाआड पहाटेच्या गाडीनं कारंज्याच्या बाजारात आणायचे. शिवम त्याच गाडीत भाजीच्या गठ्ठ्यांवर बसून ऑफिसला यायचा. त्याच्या शर्टाला सांबाराचा वास असायचा. खुर्चीत बसला की मान जराशी डावीकडे कलायची, आणि रेष मनासारखी आली की तो ओठातल्या ओठात ‘हां’ म्हणायचा. दिवसातून वीस वेळा ते ‘हां’ ऐकू यायचं. फुलचंदना मूलबाळ नव्हतं. शिवम त्यांना काका म्हणायचा आणि ते त्याला ‘अहो शिल्पकार’ म्हणून चिडवायचे.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये त्याला कावीळ झाली. आधी गावात, मग कारंज्यात आणि शेवटी अकोल्याला नेलं. सोळाव्या दिवशी तो गेला. चोवीस वर्षांचा होता.

त्याची तेरवी झाल्यानंतर फुलचंदनी एक काम केलं, जे त्यांनी पुढे दोन वर्षं कुणालाच सांगितलं नाही. शिवमचा कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर भेंडीच्या फुलाचा मोठा फोटो यायचा, पिवळं फूल, मधे गर्द जांभळं. तो त्यांना बघवेना. त्यांनी कामाचं फोल्डर पेन ड्राईव्हवर घेतलं आणि कॉम्प्युटरवाल्याला बोलावून सगळा पुसून नवा करून घेतला. शिवमनं गिऱ्हाइकांची सगळी कामं त्या फोल्डरमध्ये ठेवली होती, त्यात एकही कमी नव्हतं. आपल्या स्वतःच्या घराचा नकाशा मात्र त्यानं बाहेर पडद्यावरच ठेवला होता, कारण ते ऑफिसचं काम नव्हतं. हे फुलचंदच्या ध्यानात चौथ्या दिवशी आलं. तोवर त्या खुर्चीत बसायला नवी मुलगी रुचिका आली होती आणि पडद्यावर तिनं बर्फाचे डोंगर लावले होते.

यंदा दिवाळीनंतर जानराव माडीचा जिना चढून आले. हातात नकाशाचा जुना कागद, चार घड्यांचा, घड्यांवर फाटलेला.

“बांधतो म्हणलं आता घर,” ते खाली बसत म्हणाले. “दोन वर्स काही सुचलं नाई. पण सोजर म्हणते, त्यानं काहाडलं हाय तं बांधू. कोनासाटी बांधू ते नोको इचारू म्हणते.”

फुलचंदनी पाणी पुढे केलं.

“एक अडचन हाय. गावातला रस्ता रुंद होऊन राह्यला. समोरचे तीन फूट म्या सोडून देल्ले. म्हून वसरीतले तीन फूट कमी करा. बाकी त्याच्या एकाबी रेघेले हात नोका लावू, फुलचंदभाऊ. नवीन काहाडून देता म्हनसान तं मले नोको. नवीन तं कोनीबी काहाडून देते.”

रुचिका पलीकडून कागद पाहत होती. “काका, मी तासाभरात पुन्हा काढून देते ना. सगळी मापं लिहिलेली आहेत.”

“ऐकलं ना पोरी, काय म्हणाले ते?”

“पण मूळ फाईल कुठं आहे?”

फुलचंदनी चष्मा काढून पुसला. “ती खराब झाली,” ते म्हणाले. “व्हायरस आला होता.” आणि हे म्हणताना त्यांनी जानरावांकडे पाहिलं नाही.

कागदाचा फोटो काढून काही होणार नव्हतं. फोटोत रेष नसते, काळे-पांढरे ठिपके असतात, आणि त्यांवरून भिंती पुन्हा गिरवाव्या लागल्या असत्या. ते नव्यानं काढल्यासारखंच झालं असतं. पण जानरावांना आठवलं, शिवमनं नकाशा फोनवर पाठवला होता. त्यांचा तो फोन विहिरीत पडला होता. शिवमची बहीण राखी अनसिंगला दिलेली आहे, तिलाही भावानं पाठवला होता आणि तिनं तो जपून ठेवला होता. तिच्याकडून दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली. फुलचंदनी ती उघडली आणि एक कोपरा मोठा करत नेला. आणखी मोठा, आणखी मोठा. रेष शेवटपर्यंत धारदार राहिली, फुटली नाही. याचा अर्थ पीडीएफच्या आत खऱ्या रेषा होत्या, चित्र नव्हतं. त्या बाहेर काढता येणार होत्या, आणि त्या शिवमनं ओढलेल्याच असणार होत्या.

“निघतील,” ते स्वतःशी म्हणाले.

त्यांनी नकाशा काढायच्या प्रोग्राममध्ये ती पीडीएफ आत घेतली. रेषा, अक्षरं, भरलेले रंग, सगळं येऊ दे म्हटलं. क्षणभरात घर पडद्यावर आलं, आणि रुचिका खुर्ची सरकवून जवळ आली.

“आलं की! सगळं आलं.”

“आलं असं वाटतं,” फुलचंद म्हणाले. “काय आलं आणि काय राहिलं ते पाहू.”

ते दिवसभर तेच पाहत होते. आधी पसारा कळला. शिवमनं मूळ नकाशात भिंतींचा थर, म्हणजे लेयर, वेगळा, दारांचा वेगळा, मापांचा वेगळा ठेवला असणार, तशी त्याला शिस्तच होती. त्यातलं एकही नाव पीडीएफमधून आलं नाही. आता सगळ्या रेषा एका थरात, सगळे भरीव रंग दुसऱ्या थरात. दारं होती, पण दार म्हणून नव्हती. पूर्वी एका दाराला बोट लावलं की फळी आणि ती उघडते ती कमान मिळून अख्खं दार उचललं जायचं, आता नुसती एक सुटी रेष आणि एक सुटा अर्धवट गोल. तुटक रेषांचे तुकडे तर सुटे तांदूळ झाले होते. ते मात्र पीडीएफ पुन्हा आत घेताना एका पर्यायासमोर खूण केल्यावर जुळून आले. भिंतींचे कोपरे डोळ्याला जुळलेले दिसत, पण जवळ जाऊन पाहिलं की केसाएवढी फट. पीडीएफ करताना आकडे थोडे गोल होतात, त्याची ती फट. फुलचंदनी नवी रेष ओढली नाही. शिवमच्याच रेषांची टोकं ओढून एकमेकांना भिडवली.

अक्षरांचा प्रकार वेगळाच होता. खोल्यांची नावं आणि मापांचे आकडे शिवमनं एकेरी रेषेच्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. पीडीएफमध्ये ती अक्षरं उरत नाहीत, नुसत्या बारीक रेघा होतात. ‘किचन’ या शब्दाला बोट लावलं तर एका अक्षराची एक तंगडी तेवढी उचलली जाई. त्या रेघा ओळखीच्या अक्षरांशी ताडून पुन्हा शब्द बनवायची एक सोय असते. रुचिकानं ती चालवली आणि बरेचसे शब्द जिवंत झाले. आकडेही झाले. पण ते नुसते लिहिलेले आकडे, त्यांचं भिंतीशी नातं तुटलेलं. आता भिंत हलवली तरी आकडा जागचा हलणार नव्हता.

शेवटी मापाचा प्रश्न. घर कागदाच्या आकारात आलं होतं. बत्तीस फुटांची पुढची भिंत पडद्यावर जेमतेम आठ इंच भरत होती, कारण शिवमनं चार फुटांना एक इंच धरून कागद काढला होता. फुलचंदनी सगळ्यात लांब माप घेतलं आणि त्यावरून अख्खं घर अठ्ठेचाळीस पट केलं. मग उभ्या दिशेला सव्वीस फूट मोजून पाहिले. बरोबर. तरी त्यांचं समाधान होईना.

“चला, एकेक मोजू. मी रेष मोजतो, तू कागदावरचा आकडा वाच.”

“सगळे?”

“सगळे.”

नकाशावर चौदा मापं होती. रुचिका वाचत गेली, फुलचंद मोजत गेले. हॉल, सोळा फूट. सोळा. स्वयंपाकघर, दहा. दहा. नहाणी, सहा. सहा. ओसरी, आठ. आठ.

“आई-बाबांची खोली, पुढून मागे बारा फूट,” रुचिका म्हणाली.

फुलचंदनी मोजलं आणि पुन्हा मोजलं.

“दहा,” ते म्हणाले.

“काय?”

“रेष दहा फूट आहे.”

“मग बदलताना काहीतरी सरकलं असेल काका. पीडीएफ आहे शेवटी.”

“सरकलं असतं तर सगळंच सरकलं असतं. तेरा बरोबर आणि एकच दोन फुटांनी चुकीचं, असं पीडीएफ करत नाही,” फुलचंद म्हणाले. “असं माणूस करतो.”

त्यांना हे बोलताना जड गेलं. त्या खोलीची पुढची भिंत हॉलच्या भिंतीच्या रांगेत नव्हती, दोन फूट आत गेली होती, आणि त्यामुळे ओसरीच्या उजव्या टोकाला एक खाच पडली होती. कागद दोन वर्षं सगळ्यांनी पाहिला होता. ती खाच शोभेची असेल असं धरून कुणी विचारलं नव्हतं. आकड्यांची बेरीज सव्वीस होत होती, आठ, बारा आणि सहा. त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. चार वर्षं ज्याला बजावलं, त्या पोरानं आपल्याच घराच्या नकाशात रेष तशीच ठेवून वर आकडा लिहिला होता.

“आणि हा डाग कसला?” रुचिकानं विचारलं.

खाच होती तिथेच, ओसरीच्या टोकाला, एक राखाडी चौकोन पसरलेला होता. मघाशी तो भिंतींच्या भरावातला वाटला होता. कागदावर तो दिसत नव्हता, कारण तो पांढरा होता आणि कागदही पांढरा. इथे काळ्या पडद्यावर भरीव रंग अर्धे पारदर्शक होऊन आले होते, म्हणून दिसत होता. त्याच्याखाली काहीतरी अंधूक होतं.

फुलचंदनी भरीव रंगांचा थर बंद केला.

पांढरा चौकोन गेला आणि त्याच्याखालून एक खोली वर आली. दहा बाय दहा. रस्त्याच्या बाजूला खिडकी, ओसरीतून दार. आत एक टेबल, टेबलामागे खुर्ची, समोर दोन खुर्च्या. कोपऱ्यात तिरका चौकोन, त्यावर टी-स्क्वेअरची, रेषा ओढायच्या टी आकाराच्या पट्टीची, खूण. तो ड्रॉइंग बोर्ड होता, फुलचंदच्या माडीत कोपऱ्यात उभा आहे तसाच. मधे बारीक रेघांची अक्षरं. रुचिकानं ती ओळखायची सोय चालवायला हात पुढे केला.

“नको,” फुलचंद म्हणाले. “वाचता येतं.”

‘शिवम ड्रॉइंग ऑफिस’ असं लिहिलं होतं.

त्यांनी पीडीएफची माहिती उघडली. ती बनवल्याची तारीख आणि वेळ तिच्यात तशीच राहिली होती. चौदा जून, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं.

माडीवर चहा चारला येतो. त्या दिवशीही आला होता. फुलचंद कप घेऊन शिवमच्या खुर्चीमागे उभे राहिले होते आणि पडद्यावर ही खोली होती, नावासकट. त्यांना ते आत्ता इतकं स्वच्छ आठवलं की कप कोणता होता तेही आठवलं. आपण काय म्हणालो तेही.

“अहो शिल्पकार! अजून चार रेघा धड येत नाहीत आणि ऑफिस काढून राहिले काय? आई-बापाची खोली कापून?”

आणि ते हसले होते. मोठ्यानं हसले होते, कारण बाजूला एक गिऱ्हाईक बसलं होतं. शिवमही हसला होता, कान लाल झाले होते. मग फुलचंद गिऱ्हाइकाशी बोलायला वळले होते.

वीस मिनिटांत त्या पोरानं खोलीवर पांढरा रंग टाकला, आई-बाबांच्या खोलीवर बारा आकडा लिहिला आणि पीडीएफ करून घरी पाठवून दिली. भिंत मागाहून पुढे आणू, असं त्याच्या मनात असेल. काम तसं सोडणारा तो नव्हता. पण मग दुसरी कामं आली, मग जुलै आला.

रुचिका हळूच म्हणाली, “काका, हे त्यांना दाखवायची काय गरज आहे? बारा लिहिलंय, आपण भिंत दोन फूट पुढे आणू. कुणाला कळणार?”

फुलचंदनी जानरावांचा जुना कागद पुढे ओढला.

“मला ते सांगून गेलेत, एकाही रेषेला हात लावू नका,” ते म्हणाले. “आणि आकडाही त्याचाच आहे.”

रविवारी ते इंझोरीला गेले. बरोबर दोन कागद होते. जानराव आणि सोजरबाई विहिरीजवळच्या लिंबाखाली सांबाराच्या जुड्या बांधत बसले होते. सोजरबाईंनी हात पुसून खाट झटकली.

“या जी. च्या मांडतो.”

“चहा नंतर,” फुलचंद म्हणाले. “आधी ऐका माझं.”

त्यांनी आधी कॉम्प्युटरचं सांगितलं. व्हायरस नव्हता, फाईल मी पुसली, न पाहता पुसली. मग कागद खाटेवर पसरले आणि बोटानं दाखवलं. पांढऱ्याखाली काय होतं ते, आणि त्या दिवशी चहाच्या वेळी आपण काय बोललो ते. बोललेलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. गिऱ्हाईक बसलं होतं हेही सांगितलं.

जानरावांच्या हातातली जुडी अर्धी बांधलेली राहिली. लिंबावरून एक कावळा उडाला, त्याच्याकडे ते उगाच पाहत राहिले.

सोजरबाईंनी मात्र कागद ओढून घेतला आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नाही.

“हे काय हाय?”

“टेबल.”

“अन् हे?”

“बोर्ड. माझ्याकडे आहे तसा.”

“मले सांगतलं होतं त्यानं,” सोजरबाई म्हणाल्या. “आई, समोर मायी खोली काहाडतो म्हणे. तुमची जराशीक बारीक होईन, चालते काय? म्या म्हणलं, बावा, अख्खं घरच घे. मंग एक दिवस आला अन् म्हणे, नाई काहाडत. राहू दे म्हणे.” त्यांनी बोट तसंच ठेवलं. “म्या इचारलंच नाई, काहून नाई काहाडत. भाकरी थापून राह्यली होती. हात पिठाचे होते. इचारून घेतलं असतं तं सांगतलं असतं त्यानं मले.”

“मले तं कायीच नाई सांगतलं,” जानराव म्हणाले. एवढंच. आणि थोड्या वेळानं, “हासायचं नोहोतं, फुलचंदभाऊ.”

“हो,” फुलचंद म्हणाले.

यावर कुणी कुणाला समजावलं नाही. सोजरबाई उठून चहा करायला गेल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा तिघेही जरा स्थिर झाले होते.

फुलचंदनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “एकात त्याचा आकडा ठेवलाय. भिंत पुढे आणली, तुमची खोली बारा फूट, खाच नाही. दुसऱ्यात त्याची रेष ठेवलीय. भिंत त्यानं ओढली तिथंच. मग तुमची खोली दहाच फूट राहते. दोन्हींत ओसरीचे तीन फूट कमी केलेत. आकडा आणि रेष दोन्ही नाही ठेवता येणार मला.”

“अन् त्याची खोली?” सोजरबाईंनी विचारलं.

“रस्त्यात तीन फूट गेल्यामुळं ती सात बाय दहा होते. बांधायची म्हटली तर बांधता येईल.”

जानरावांनी मान हलवली. “तिथं बसन कोन?”

जानराव उठले, मोटरच्या खोपटातून एक दोरी आणि काठी घेऊन आले. टेपऐवजी ते शेतात काठीनंच मोजतात, पाच फुटांची काठी. विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत त्यांनी काठी दोनदा टाकली, दहा फूट, आणि दोरी आडवी धरली. सोजरबाई त्या दोरीच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग खाली बसल्या, जणू तिथं खाट आहे.

“दोघाले होते,” त्या म्हणाल्या. “रेघ राहू द्या त्याची. बाराचं करायचं काय? त्यानं आमाले नाराज नाई करावं म्हून लिवलं ते बारा.” मग जरा थांबून, “अन् त्या खाचेत भिंती नोका घालू. उघडीच राहू द्या. म्या बसन तिथं जुड्या बांधत. वारा येते समोरून.”

फुलचंद कारंज्याला परतले आणि त्या संध्याकाळी त्यांनी शेवटचा कागद तयार केला. शिवमच्या सगळ्या रेषा एका थरात ठेवल्या, थराला त्याचं नाव दिलं आणि त्याला कुलूप घातलं, म्हणजे पुढे चुकूनही कुणाच्या हातून हलू नयेत. पुढची ओसरीची एकच रेष त्यांनी स्वतः ओढली, ती वेगळ्या थरात. चौदाही मापं नव्यानं घेतली. एकही आकडा टाइप केला नाही. कॉम्प्युटरनं रेष मोजली आणि स्वतः लिहिलं, दहा फूट.

ते बारा पुसायची वेळ आली तेव्हा रुचिका पाहत होती. त्यांनी ते पुसलं नाही. एक थर असा असतो की जो पडद्यावर दिसतो, पण कागदावर कधी छापला जात नाही. ते बारा त्यांनी त्या थरात टाकलं. पांढरा चौकोन काढला आणि त्याच्याखालची खोलीही त्याच थरात टाकली, टेबलासकट, बोर्डासकट. फाईल तीन ठिकाणी ठेवली. एक राखीला पाठवली.

मार्गशीर्षात राजपाल मिस्त्रीनं पायाच्या खुणेसाठी फक्की, म्हणजे चुन्याची भुकटी, टाकायला घेतली. फुलचंद कागद घेऊन हजर होते. दोरी ताणून पांढऱ्या रेषा जमिनीवर उतरत होत्या, हॉल, स्वयंपाकघर, नहाणी. पुढच्या बाजूला राजपाल थांबला.

“इंजिनिअर साहेब, ही भिंत रांगेत नाई बसत. दोन फूट मांगं जाते. चुकलं तं नाई ना काही? ओढून घेऊ काय समोर?”

फुलचंदनी सोजरबाईंकडे पाहिलं. त्या पदर डोक्यावर घेऊन खाचेच्या तोंडाशी उभ्या होत्या.

“चुकलं नाही,” फुलचंद म्हणाले. “टाक तिथंच.”

राजपालनं खांदे उडवले आणि फक्कीची पाटी वाकवली. पांढरी रेष हॉलच्या कोपऱ्यापाशी आली, दोन फूट आत वळली आणि सरळ पुढे गेली. ती पुरी झाली तेव्हा फुलचंदच्या तोंडून ओठातल्या ओठात ‘हां’ निघालं. ते त्यांच्या कानावर पडलं, आणि मग ते बराच वेळ पाठमोरे होऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.